हॉटस्पॉटवरचा लॅपटॉप आणि दीड जीबीचा दिवस

रोज दीड जीबी डेटा. महाराष्ट्रातल्या लाखो घरांत इंटरनेट याच मापात येतं. फोनवर व्हॉट्सअ‍ॅप, बातम्या, थोडे व्हिडिओ, एखादं यूपीआय पेमेंट एवढाच वापर असेल, तर तो संध्याकाळपर्यंत आरामात पुरतो. पण दीड जीबी म्हणजे वेळेच्या भाषेत किती, हे एकदा मोजून पाहण्यासारखं आहे. बऱ्यापैकी फोर-जीचा वेग सेकंदाला २० मेगाबिट धरला आणि काहीतरी सलग डाउनलोड होत राहिलं, तर हा दिवसभराचा साठा बरोबर १० मिनिटांत संपतो. त्यानंतर नेट बंद पडत नाही, पण बहुतेक प्लॅनमध्ये वेग सेकंदाला ६४ किलोबिटवर येतो. म्हणजे ८ किलोबाइट. एक एमबीचा फोटो उघडायला दोन मिनिटं लागतात, आणि तासभर नेट अखंड चालू ठेवलं तरी जेमतेम २९ एमबी पदरात पडतात. या वेगात परीक्षेचा फॉर्म भरायला बसलं, तर पान पूर्ण उघडायच्या आतच साइट आपल्याला बाहेर काढते.

ही दहा मिनिटं खाणारं कोण असतं? फोन एकटा असताना सहसा कोणी नसतं. खरी गळती सुरू होते ती फोनचा हॉटस्पॉट लावून लॅपटॉप जोडला की. या लेखात मी मुद्दाम एवढ्याच प्रसंगाबद्दल बोलणार आहे, कारण आपल्याकडे वायरचं ब्रॉडबँड न पोहोचलेल्या गावांत आणि भाड्याच्या खोल्यांत राहणाऱ्या मुलामुलींचा अभ्यास, नोकरीचे अर्ज, ऑनलाइन काम, सगळं याच जोडणीवर चालतं. आणि यातला बहुतेक अपव्यय दोन-तीन सेटिंग्ज बदलून थांबवता येतो.

लॅपटॉप असा का वागतो, हे आधी समजून घेऊ. विंडोज असलेला लॅपटॉप एखाद्या वाय-फायला जोडला जातो, तेव्हा त्या वाय-फायच्या पलीकडे काय आहे हे त्याला माहीत नसतं. पलीकडे ऑफिसची जाडजूड फायबर लाइन असू शकते किंवा बाबांच्या खिशातला दीड जीबीचा फोन. विंडोजने यासाठी एक सरसकट नियम ठरवून ठेवला आहे: लॅपटॉपमध्येच सिमकार्ड असेल तर ती जोडणी मोजूनमापून मिळणारी, आणि वाय-फाय किंवा केबल असेल तर ती अमर्याद. हॉटस्पॉट लॅपटॉपला वाय-फाय म्हणूनच दिसतो, त्यामुळे तो अमर्यादच्या रांगेत जाऊन बसतो. मग साहजिकच लॅपटॉपला वाटतं, भरपूर नेट आलं, साठलेली कामं उरकून घेऊ. विंडोजचं अपडेट, स्टोअरमधल्या अ‍ॅप्सची अपडेट्स, वनड्राइव्हवर फाइली चढवणं, हे सगळं आपण काहीही न दाबता मागच्या बाजूला सुरू होतं.

यातलं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक म्हणजे विंडोज अपडेट. मायक्रोसॉफ्ट दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी सुरक्षेची मुख्य अपडेट्स सोडते. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर तेव्हा सकाळचे दहा वाजलेले असतात, म्हणजे आपल्याकडे रात्रीचे साडेदहा, त्यांच्या हिवाळ्यात साडेअकरा. त्यामुळे आपल्याकडचे बहुतेक लॅपटॉप ते अपडेट बुधवारी किंवा त्यानंतर कधीतरी, जेव्हा नेटला जोडले जातील तेव्हा, ओढू लागतात. ते सहज काही शे एमबीचं असतं. वर्षाकाठी येणारी विंडोजची मोठी नवी आवृत्ती तर काही जीबींची. ज्याचा लॅपटॉप रोज चालू असतो त्याला हे जाणवत नाही. जो लॅपटॉप आठ-दहा दिवसांनी उघडला जातो, त्याचा तुंबलेला हिशोब मात्र एकाच दिवशी वसूल होतो.

एक उदाहरण घेऊ. आकडे कल्पित आहेत, पण रोज घडतं ते असंच. संगमेश्वरजवळच्या एका गावातली बी.कॉम.ची विद्यार्थिनी. बुधवार, सकाळचे दहा. ऑनलाइन तास आहे. "बाबा, हॉटस्पॉट लाव ना," असं म्हणून तिने लॅपटॉप जोडला. मध्यरात्रीपासून तोवर बाबांच्या फोनने स्वतःचे २६० एमबी वापरले होते, म्हणजे हातात १२४० एमबी होते. दहा वाजून दहा मिनिटांनी फोनवर एसएमएस आला, ५० टक्के डेटा संपला. बावीस मिनिटांनी दुसरा आला, ९० टक्के. साडेदहा व्हायच्या आतच सरांचा आवाज तुटू लागला आणि चित्र गोठलं. घरात सगळ्यांचं बोट साहजिकच तासाकडे गेलं: व्हिडिओ फार डेटा खातो.

आता तासाआधीचे आणि नंतरचे आकडे ताडून पाहिले तर काय दिसेल? फोनच्या डेटा वापराच्या यादीत हॉटस्पॉटचा वेगळा हिशोब असतो. तिथे १२४० एमबी दिसले, म्हणजे फोनमधल्या कुठल्या अ‍ॅपने काही केलेलं नाही, सगळं लॅपटॉपकडे गेलं. मग लॅपटॉपमध्ये `Settings`, त्यात `Network & internet`, त्यात `Data usage` उघडायचं. विंडोज ११ मध्ये हे पान `Advanced network settings` च्या आत आहे. तिथे कोणत्या प्रोग्रामने किती डेटा घेतला याची यादी मिळते. यादीत वरच्या ओळीत `System` नावाखाली ८६० एमबी, ब्राउझरच्या नावे २१० एमबी, वनड्राइव्हच्या नावे १४० एमबी आणि किरकोळ ३० एमबी. म्हणजे पंचवीस मिनिटांच्या तासाला लागले ते फक्त २१० एमबी. याच चालीने पूर्ण तासाला ५०० एमबी लागले असते, आणि हातातल्या १२४० एमबीत तिचे दोन तास आरामात होऊन वर फॉर्म भरायला पुरेसे एमबी उरले असते. `System` या नावाखाली जे मोठं माप दिसतं, ते बहुतेक वेळा विंडोज अपडेटचं असतं.

या यादीतले आकडे गेल्या ३० दिवसांचे असतात, म्हणून एका दिवसाचा छडा लावायचा तर हॉटस्पॉट जोडण्याआधी एकदा आणि नंतर एकदा बघून फरक काढावा लागतो. इतकी वाट पाहायची नसेल, तर नेट गचके खात असतानाच `Ctrl+Shift+Esc` दाबून टास्क मॅनेजर उघडा आणि `Network` या रकान्याच्या मथळ्यावर क्लिक करा. जास्त ओढणारा प्रोग्राम वर येतो. तिथे `Service Host: Delivery Optimization` असं नाव दिसलं तर समजा, अपडेट उतरतंय.

आता मुख्य उपाय. विंडोजला सांगायचं की हे वाय-फाय मोजकं आहे. लॅपटॉप हॉटस्पॉटला जोडलेला असताना `Settings` मध्ये `Network & internet`, मग `Wi-Fi`, मग त्या जोडणीचे गुणधर्म, म्हणजे `properties`, उघडा. तिथे `Metered connection` असं एक बटण आहे, ते चालू करा. विंडोज १० मध्ये त्याच जागी `Set as metered connection` असे शब्द आहेत. मग दुसरीकडे, `Windows Update` च्या `Advanced options` मध्ये जाऊन `Download updates over metered connections` हे बटण बंद आहे ना, याची खात्री करा. पूर्वी कधी घाईत ते कुणी चालू केलं असेल, तर पहिल्या बटणाचा अपडेटपुरता काही उपयोग होत नाही. ही तपासणी लोक हमखास विसरतात.

हे केल्यावर बहुतेक अपडेट्स आपोआप उतरायची थांबतात. विंडोजला फारच अत्यावश्यक वाटणारं काही लहानसं तरीही येऊ शकतं. स्टोअरमधल्या अ‍ॅप्सची आपोआप होणारी अपडेट्स थांबतात. लॅपटॉप आपल्याकडची उतरवलेली अपडेट्स इतर संगणकांना वाटतो तेही थांबतं. वनड्राइव्हच्या सेटिंग्जमध्ये मोजक्या जोडणीवर काम थांबवण्याचा पर्याय आहे. तो चालू असेल तर तेही गप्प बसतं आणि तसं सांगतंही. आपल्या विद्यार्थिनीच्या हिशोबातले ८६० अधिक १४०, असे हजार एमबी वाचले. `Active hours` नावाचं एक सेटिंग आहे, त्याच्याशी याची गल्लत करू नका. त्या वेळांत विंडोज फक्त लॅपटॉप रीस्टार्ट करत नाही. डाउनलोड चालूच राहतं.

सेटिंग खरंच बसलं का, हे पाहायचं असेल तर कमांड प्रॉम्प्टमध्ये एक ओळ पुरते. `BabaPhone` च्या जागी आपल्या हॉटस्पॉटचं नाव लिहायचं.

```
netsh wlan show profile name="BabaPhone"
```

उत्तरात खाली `Cost settings` असा भाग येतो. त्यात `Cost` समोर `Unrestricted` असेल तर लॅपटॉप अजून त्याला अमर्याद समजतोय. `Fixed` आलं की काम झालं.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्यावी लागेल, नाहीतर निराशा होते. विंडोजचं हे सेटिंग म्हणजे नळाची चावी नव्हे, भिंतीवर लावलेली पाटी आहे: "पाणी जपून वापरा." विंडोज स्वतः ती पाटी वाचतं. इतर प्रोग्रामनी ती वाचावी अशी सोय आहे. प्रोग्रामने विचारलं की ही जोडणी मोजकी आहे का, तर विंडोज खरं उत्तर देतं. पण विचारायचं की नाही हे प्रत्येक प्रोग्राम बनवणाऱ्यावर. जो विचारतच नाही त्याला कोणी अडवत नाही. म्हणून बटण चालू केल्यावरही एखादं अँटिव्हायरस, एखादं गेमचं लाँचर किंवा दुसऱ्या कंपनीची क्लाउड ड्राइव्ह डेटा ओढताना दिसली, तर सेटिंग बिघडलं असं समजू नका. त्या प्रोग्रामच्याच सेटिंग्जमध्ये जाऊन आपोआप अपडेट किंवा सिंक थांबवावं लागतं. वर सांगितलेल्या `Data usage` च्या यादीतून असा प्रोग्राम बरोबर सापडतो. आणि आपण स्वतः उघडलेल्या व्हिडिओला किंवा ब्राउझरच्या पानाला हे सेटिंग हातही लावत नाही. तासाच्या वेळी स्वतःचा कॅमेरा बंद ठेवणं, यूट्यूबचा दर्जा ३६० किंवा ४८० वर आणणं, हे आपलं आपल्यालाच करायचं असतं.

याच्या उलट स्वभाव अँड्रॉइडच्या डेटा सेव्हरचा आहे. हे २०१६ साली अँड्रॉइड ७ बरोबर आलं. ते चालू असताना, मोजक्या जोडणीवर पडद्यामागच्या अ‍ॅपला डेटा मिळू द्यायचा नाही हे फोनची यंत्रणा स्वतः ठरवते आणि अमलात आणते. अ‍ॅपच्या चांगुलपणावर काही सोडलेलं नसतं. समोर उघडलेल्या अ‍ॅपला डेटा मिळतो, पण जपून वापर अशी सूचनाही मिळते; काही अ‍ॅप्स त्यामुळे चित्रं बोट लावल्याशिवाय दाखवत नाहीत. ज्या अ‍ॅपचे निरोप वेळेवर यायलाच हवेत, समजा ऑफिसचं मेल, त्याला `Unrestricted data` च्या यादीत सूट देता येते. ही यादी छोटी ठेवावी. सगळ्यांनाच सूट दिली तर डेटा सेव्हरला काही कामच उरत नाही.

मग फोनवर डेटा सेव्हर चालू केला की हॉटस्पॉटवरचा लॅपटॉपही आटोक्यात येईल, असं अनेकांना वाटतं. तसं होत नाही. डेटा सेव्हर फोनमधल्या अ‍ॅप्सना ओळखतो, लॅपटॉपच्या आत काय चाललंय ते त्याला दिसत नाही. उलट अँड्रॉइडचा नियम असा की डेटा सेव्हर चालू असेल तर हॉटस्पॉट लागतच नाही. तो पर्याय फिका पडतो आणि आधी डेटा सेव्हर बंद करा असं सांगतो. इथेच नकळत दुहेरी नुकसान होतं. घाईत डेटा सेव्हर बंद केला जातो, लॅपटॉप जोडला जातो, आणि त्याच क्षणी फोनमधली अडवून ठेवलेली सगळी अ‍ॅप्सही मोकळी सुटतात. तास संपल्यावर हॉटस्पॉट आठवणीने बंद होतो. डेटा सेव्हर पुन्हा चालू करायचं मात्र राहून जातं. मग आठवड्याभराने प्रश्न पडतो की हल्ली फोनवरही डेटा का पुरत नाही.

हॉटस्पॉट नेहमी लागणाऱ्या घरासाठी मला दुसरी वाट जास्त भरवशाची वाटते. फोनच्या डेटा वापराच्या यादीत सर्वांत वरच्या चार-पाच अ‍ॅप्सवर एकेक करून जा. प्रत्येकाच्या पानावर समोर असताना आणि मागे असताना किती डेटा घेतला, हे वेगवेगळं लिहिलेलं असतं. ज्याचा मागचा आकडा मोठा आहे आणि ज्याचे निरोप तातडीचे नाहीत, त्याचं `Background data` तिथेच बंद करा. शॉपिंगची अ‍ॅप्स, छोट्या व्हिडिओंची अ‍ॅप्स, गेम्स यांत सहज सापडतात. हे बंद केलेलं डेटा सेव्हर चालू-बंद झाल्याने बदलत नाही, त्यामुळे हॉटस्पॉट चालू असतानाही टिकतं. त्याबरोबर प्ले स्टोअरमधली अ‍ॅप्सची आपोआप अपडेट्स फक्त वाय-फायवर, गूगल फोटोजचा बॅकअप मोबाइल डेटावर नाही, आणि व्हॉट्सअ‍ॅपच्या `Storage and data` मध्ये मोबाइल डेटावर व्हिडिओ आपोआप उतरवणं बंद, एवढं करून ठेवलं की बाबांच्या फोनचे ते २६० एमबीही बरेच खाली येतात. गावाकडच्या चार-पाच गटांत सकाळपासून पडणाऱ्या सुप्रभातच्या व्हिडिओंनी किती डेटा जातो, हे त्या यादीत पाहिल्यावर पुष्कळांना धक्का बसतो.

हॉटस्पॉटला लॅपटॉपऐवजी दुसरा अँड्रॉइड फोन जोडला तर मात्र गोष्ट सोपी आहे. अँड्रॉइडचा हॉटस्पॉट जोडणाऱ्याला पत्ता देतानाच त्याबरोबर एक खुणेचा शब्द पाठवतो, की ही जोडणी मोजकी आहे. दुसऱ्या अँड्रॉइडला ती खूण कळते. लिनक्सवरचा नेटवर्क मॅनेजरही ती ओळखतो. तरी एकदा त्या फोनवर वाय-फायच्या नावाला हात लावून आतल्या पानात ही जोडणी मोजकी धरली आहे ना ते पाहा. नसेल तर तिथेच `Treat as metered` निवडता येतं. याचा आणखी एक उपयोग आहे. घरी खिशात मावणारा वाय-फाय राउटर असेल, ज्यात सिमकार्ड घालतात, तर त्याच्याकडून ही खूण मिळेल याचा भरवसा नसतो. तिथे प्रत्येक फोनवर आणि लॅपटॉपवर हे हातानेच करून घ्या. आयफोनवर याच कामाला `Low Data Mode` म्हणतात. तो २०१९ च्या आयओएस १३ पासून आहे आणि मोबाइल डेटासाठी तसाच प्रत्येक वाय-फायसाठी वेगळा लावता येतो. मॅकवर तो २०२२ च्या व्हेंचुरापासून आला.

लॅपटॉपवरचं सेटिंग एकदा केलं की कायमचं, असंही नाही. विंडोज ते हॉटस्पॉटच्या नावाला चिकटवून ठेवतं. आज बाबांचा फोन, उद्या आईचा, परवा मैत्रिणीचा असं चालत असेल, तर प्रत्येक नाव लॅपटॉपसाठी नवं वाय-फाय आहे आणि प्रत्येक नवं वाय-फाय अमर्याद. बुधवारी डेटा उडाल्यावर "मी तर सेटिंग केलं होतं" असं जे म्हणतात, त्यांच्यापैकी बऱ्याच जणांनी ते दुसऱ्या फोनच्या नावावर केलेलं असतं. नवा फोन घेतला तर त्याच्या हॉटस्पॉटला जुन्याचंच नाव आणि पासवर्ड द्या, म्हणजे लॅपटॉप त्याला जुनाच समजतो आणि सेटिंग टिकतं.

यूएसबी केबलने नेट घेणाऱ्यांची गोष्ट वेगळी. हॉटस्पॉटने बॅटरी उतरते आणि फोन तापतो, म्हणून पुष्कळ जण केबल लावतात, आणि ते योग्यच आहे. पण केबलने जोडलेला फोन विंडोजला वाय-फाय नव्हे तर `Ethernet` म्हणून दिसतो. तेव्हा मोजक्या जोडणीचं बटण `Ethernet` च्या पानावर शोधायचं. विंडोज १० च्या २०१७ मधल्या आवृत्तीपासून ते तिथे मिळतं. शिवाय पुष्कळ फोन दर वेळी केबल जोडली की लॅपटॉपला नवी ओळख सांगतात, मग विंडोज त्याला `Network 2`, `Network 3` अशी नवी नावं देत राहतं आणि कालचं सेटिंग आज लागू होत नाही. तुमचा फोन असं करत असेल तर दर वेळी पाहणं किंवा सरळ वाय-फाय हॉटस्पॉटकडे वळणं, एवढेच मार्ग आहेत. मी दुसरा सुचवेन.

विंडोजमध्ये `Data usage` च्या पानावर मर्यादा घालायचीही सोय आहे. पण ती महिन्याची किंवा एकदाच वापरायची असते, रोजची नाही. आपले प्लॅन मात्र रात्री बाराला नव्याने सुरू होतात. त्यामुळे तिथे ४५ जीबीची मासिक मर्यादा लिहून दीड जीबीचा दिवस सांभाळला जात नाही. काही कंपन्यांच्या फोनमध्ये हॉटस्पॉटवरच मर्यादा घालता येते, समजा ८०० एमबी झाले की हॉटस्पॉट आपोआप बंद. तुमच्या फोनच्या हॉटस्पॉटच्या पानावर असा पर्याय असेल तर तो जरूर वापरा. वर म्हटलेल्या पाटीच्या मानाने ही खरी चावी आहे, कारण तिथे लॅपटॉपमधल्या कुठल्याही प्रोग्रामची मर्जी चालत नाही. ज्यांच्या प्लॅनवर फाइव्ह-जी अमर्याद आहे त्यांनीही हे सगळं करून ठेवावं. गावाबाहेर किंवा घराच्या आतल्या खोलीत फोन फोर-जीवर उतरला की रोजच्या मापाची मोजणी सुरू होते, आणि लॅपटॉपला त्याचा पत्ताही नसतो.

एक काळजी मात्र घ्यायलाच हवी. अपडेट्स थांबवणं म्हणजे ती टाळणं नव्हे. त्या दुसऱ्या मंगळवारच्या अपडेटमध्ये सुरक्षेच्या त्रुटींची दुरुस्ती असते, आणि त्या त्रुटी एव्हाना जगजाहीर झालेल्या असतात. ज्या लॅपटॉपवरून आपण बँकेचे व्यवहार करतो आणि सरकारी पोर्टलवर आधारचे तपशील भरतो, तो महिनोन्महिने जुना ठेवणं धोक्याचं आहे. नेहमी मोजक्या जोडणीवर असलेला लॅपटॉप नेमका तसाच राहून जातो.

यावर सोय अशी. कॉलेजच्या, ग्रंथालयाच्या किंवा नातेवाइकांच्या घरच्या वाय-फायला लॅपटॉप जोडला, की ते नाव मोजकं नसल्याने तुंबलेली अपडेट्स आपोआप उतरतात. तासभर लॅपटॉप चार्जिंगला लावून चालू ठेवला की बहुधा काम होतं. अशी जागा नसेल तर हॉटस्पॉटवरच, पण आपण ठरवलेल्या वेळी. रात्री साडेअकराच्या सुमारास, आजचा जो डेटा उरलाय तो बहुतेक प्लॅनमध्ये तसाही बाराला वाया जाणार असतो, तेव्हा `Windows Update` उघडून `Check for updates` दाबा. मोजक्या जोडणीवर विंडोज अपडेट दाखवतं आणि तुमच्या परवानगीची वाट पाहतं. तिथलं डाउनलोडचं बटण दाबलं की उतरायला लागतं. बाराच्या आत उरलेलं आजच्या खात्यातून जातं, बारानंतरचं उद्याच्या. मध्येच तुटलं तरी उतरलेला भाग सहसा वाया जात नाही, पुन्हा जोडल्यावर पुढून सुरू होतं. दुसऱ्या दिवशी तास, परीक्षा किंवा मुलाखत असेल तर मात्र त्या रात्री हे करू नका. शनिवारची रात्र यासाठी बरी. फोनमधल्या अ‍ॅप्सचंही तसंच. बँकेचं आणि यूपीआयचं अ‍ॅप तेवढं वेळच्या वेळी हाताने अपडेट करा, बाकीची थांबू शकतात.

हे सगळं मिळून अर्ध्या तासाचं काम आहे. घरात ज्याला ही पानं उघडता येतात, त्याने ते बाकीच्यांसाठीही करून द्यावं: आईच्या फोनवर, भावाच्या लॅपटॉपवर, शेजारच्या मुलीच्या अभ्यासाच्या यंत्रावर. पुढच्या महिन्याचा दुसरा मंगळवार यायच्या आत `Metered connection` चं बटण चालू करा, आणि त्या आठवड्यातल्या शनिवारी रात्री अपडेट स्वतःच्या हाताने उतरवून घ्या.